बजेट वाढवण्याआधी हे तीन आकडे कसे वाचावेत

गूगल ॲड्सच्या खात्यात कॅम्पेनच्या नावापुढे `Limited by budget` असा शेरा दिसला की बहुतेक छोटे व्यावसायिक एकच गोष्ट करतात: बजेट वाढवतात. शेऱ्यालगत तशी शिफारसही तयार असते आणि एक बटण दाबलं की काम होतं. खर्च वाढतो, क्लिक वाढतात, आणि फोन मात्र जेमतेम पूर्वीइतकेच येतात. मग ‘ऑनलाइन जाहिरातीत काही राम नाही’ असा निष्कर्ष निघतो. खरं तर उत्तर त्याच रिपोर्टमध्ये असतं. इम्प्रेशन शेअर, बजेटमुळे हुकलेला हिस्सा आणि क्वालिटी स्कोअर हे आकडे योग्य क्रमाने वाचले, तर पैसा कुठे गळतोय ते दिसतं आणि बजेट वाढवायचं की नाही याचा निर्णय हिशेबाने घेता येतो.

हे आकडे कोरडेपणाने समजावण्यापेक्षा एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. पुण्यात इमारतींच्या आणि बंगल्यांच्या पाण्याच्या टाक्या साफ करून देणारा एक व्यावसायिक डोळ्यांसमोर आणा. त्याचं एकच सर्च कॅम्पेन आहे आणि रोजचं बजेट ६०० रुपये. आलेल्या फोनपैकी निम्म्यांची कामं होतात. एका कामामागे मजुरी, पेट्रोल आणि औषधं वजा जाता ९०० रुपये हातात उरतात. म्हणजे एका फोनमागे जाहिरातीवर जास्तीत जास्त ४५० रुपये खर्च करणं त्याला परवडतं. त्यापुढे गेलं की काम घरच्या पैशाने केल्यासारखं होतं. उदाहरणातले आकडे हिशेब कळावा म्हणून मांडलेले आहेत, पण त्यांची एकमेकांशी असलेली नाती प्रत्येक खात्यात सापडतील. ही ४५० रुपयांची मर्यादा मात्र लक्षात असू द्या. पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर तपासायचा आहे.

हिस्सा नेमका कशातला?

कॅम्पेनच्या तक्त्यात हे रकाने बऱ्याचदा आपोआप दिसत नाहीत. `Columns` मध्ये जाऊन `Competitive metrics` या गटातून तीन रकाने जोडावे लागतात: `Search impr. share`, `Search lost IS (budget)` आणि `Search lost IS (rank)`.

पहिला रकाना सांगतो की तुमची जाहिरात जितक्या वेळा दिसू शकत होती, त्यापैकी किती टक्के वेळा प्रत्यक्ष दिसली. दुसरा सांगतो की दिवसाचं बजेट अपुरं असल्यामुळे किती टक्के वेळा ती दिसली नाही. तिसरा सांगतो की लिलावात तुमचा ॲड रँक कमी पडल्यामुळे किती टक्के संधी हुकल्या. तिन्हींची बेरीज शंभर होते.

आपल्या व्यावसायिकाचा पहिल्या महिन्याचा रिपोर्ट असा आहे. जाहिरात ६,००० वेळा दिसली आणि इम्प्रेशन शेअर ४० टक्के. बजेटमुळे हुकलेला हिस्सा ४५ टक्के, रँकमुळे हुकलेला १५ टक्के. यावरून एकूण संधी किती होत्या ते काढता येतं: ६,००० भागिले ०.४०, म्हणजे १५,०००. त्यातल्या ६,७५० संधी बजेटने घालवल्या आणि २,२५० रँकने. महिन्याचा खर्च १८,००० रुपये, क्लिक ४५०, म्हणजे सरासरी एका क्लिकला ४० रुपये. फोन आले २७. एका फोनची किंमत पडली ६६७ रुपये.

आता ४५ टक्के हा आकडा ओरडून सांगतोय की बजेट वाढवा. साधा हिशेबही करता येतो. सध्याचं बजेट गुणिले ८५ भागिले ४० केलं, म्हणजे मिळालेला आणि बजेटने हुकलेला असे दोन्ही हिस्से धरले, तर रोजचं बजेट १,२७५ रुपये हवं असं उत्तर येतं. पण जो माणूस आज ६६७ रुपयांना एक फोन विकत घेतोय आणि ज्याला ४५० च परवडतात, त्याने बजेट दुप्पट केलं तर तोटाही दुप्पट होईल.

गडबड छेदात आहे. ‘जितक्या वेळा दिसू शकत होती’ हा आकडा गूगल अंदाजाने काढतं आणि तो तुमच्याच सेटिंगवर अवलंबून असतो: कोणते कीवर्ड घेतले, कुठल्या भागात जाहिरात दाखवायची ठरवली, कोणत्या वेळात, जाहिरात मंजूर आहे का आणि तिची गुणवत्ता कशी आहे. तुम्ही जाळं मोठं टाकलं की छेद फुगतो. त्या १५,००० संधींत टाकी साफ करून हवी असणारे किती होते, हे इम्प्रेशन शेअर सांगत नाही. म्हणून टक्केवारीवर काहीही ठरवण्याआधी त्या छेदात काय भरलंय ते उघडून पाहायचं.

आधी सर्च टर्म रिपोर्ट

कीवर्ड म्हणजे तुम्ही गूगलला दिलेला शब्द आणि सर्च टर्म म्हणजे माणसाने प्रत्यक्ष टाइप केलेला किंवा बोललेला शब्द. जुळणीचा प्रकार सैल, म्हणजे ब्रॉड मॅच ठेवला असेल, तर या दोन्हींत बरंच अंतर पडू शकतं. सर्च टर्म रिपोर्ट खर्चाच्या उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या पन्नासएक ओळी शांतपणे वाचा. आपल्या उदाहरणात अशा ओळी सापडतात:

```
water tank cleaning pune
पाण्याची टाकी साफ करणारे
1000 लिटर टाकी किंमत
tank cleaning powder
टाकी साफ करण्याचे मशीन
water tank cleaning job
water tank cleaning nashik
```

पहिले दोन गिऱ्हाईक आहेत. तिसऱ्याला नवी टाकी विकत घ्यायची आहे. चौथा आणि पाचवा स्वतःच साफ करणार आहेत. सहाव्याला नोकरी हवी आहे. सातवा नाशिकचा आहे आणि हा व्यावसायिक पुण्याबाहेर जात नाही. रिपोर्टमध्ये दिसणाऱ्या ४०० क्लिकपैकी १६० असे निरुपयोगी निघाले, म्हणजे ४० टक्के. क्लिक ४५० असताना ४०० च का दिसतात, असा प्रश्न पडेल. अगदी थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल २०२० पासून या रिपोर्टमध्ये दाखवत नाही, त्यामुळे बेरीज जुळत नाही. दिसतात त्यांच्यावरून उरलेल्यांचा अंदाज घ्यायचा.

इथे दोन कामं करायची. पहिलं, ‘किंमत’, ‘पावडर’, ‘मशीन’, ‘नोकरी’, ‘job’, ‘price’ असे शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाकायचे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत टाका, कारण लोक तिन्ही भाषांत शोधतात आणि मराठी शब्द रोमन अक्षरांतही लिहितात. ‘किंमत’ आणि ‘kimat’ हे दोन वेगळे शब्द समजा. इंग्रजीत एकवचन आणि अनेकवचनही वेगवेगळं द्यावं लागतं. मात्र निगेटिव्ह टाकताना घाई नको. ‘टाकी साफ करायला किती खर्च’ असं विचारणारा माणूस गिऱ्हाईकच असतो. ‘खर्च’ हा शब्द निगेटिव्हमध्ये गेला तर चांगलं काम हातचं जाईल.

दुसरं, लोकेशनच्या पर्यायांत जायचं. मूळ सेटिंगमध्ये, निवडलेल्या जागी असणारे लोक आणि त्या जागेत रस दाखवणारे लोक, असे दोन्ही धरले जातात. घरपोच सेवा देणाऱ्याला सहसा फक्त त्या जागी असणारे किंवा नेहमी येणारे लोक हवे असतात. तो `Presence` चा पर्याय निवडायचा. अपवाद अमेरिकेत किंवा मुंबईत बसून पुण्यातल्या आईवडिलांच्या घराची टाकी साफ करून घेणाऱ्यांचा. तुमच्याकडे असे फोन खरंच येत असतील, तर त्यांच्यासाठी वेगळं छोटं कॅम्पेन करा, म्हणजे त्यांचा खर्च आणि फोन स्वतंत्र दिसतील.

दुसऱ्या महिन्यात बजेट तेच ६०० ठेवलं. एकूण संधी १५,००० वरून ९,००० वर आल्या. जाहिरात ४,९५० वेळा दिसली, म्हणजे आधीपेक्षा हजाराहून अधिक वेळा कमी. तरी इम्प्रेशन शेअर ४० वरून ५५ टक्क्यांवर गेला. बजेटमुळे हुकलेला हिस्सा ४५ वरून २७ वर उतरला आणि रँकमुळे हुकलेला १८ टक्के झाला. क्लिक तेवढेच, ४५०. पण फोन २७ वरून ४२ झाले. एका फोनची किंमत ४२९ रुपये.

एक रुपयाही न वाढवता बजेटमुळे हुकणारा हिस्सा बराच कमी झाला आणि व्यवसाय तोट्यातून बाहेर आला. म्हणूनच इम्प्रेशन शेअर कधीही एकटा वाचू नका. शेजारी इम्प्रेशनचा आकडा ठेवा आणि भागाकार करून एकूण संधी काढा. हिस्सा वाढला तो जाहिरात जास्त दिसल्यामुळे की जाळं आवळल्यामुळे, हे त्या भागाकारातूनच कळतं.

बजेट कमी पडतंय की बोली जास्त आहे?

छेद साफ झाल्यावर उरलेला २७ टक्क्यांचा आकडा विश्वासाने वाचता येतो. आता खऱ्या गिऱ्हाइकांच्या शोधांतही बजेट पुरत नाही. पण ‘पुरत नाही’ याचे दोन अर्थ होतात. पैसे कमी आहेत, किंवा एकेक क्लिक महाग घेतला जातोय.

बजेट संपत असताना बोली चढी ठेवणं म्हणजे थोड्या गिऱ्हाइकांसाठी सर्वांत वरची जागा विकत घेणं आणि बाकीच्यांना जाहिरात न दाखवणं. वरची जागा मिळालेल्या फोनमधून कामं अधिक होतात असं अनुभवाला आलं नसेल, तर बोली थोडी उतरवून पाहायची. आपल्या व्यावसायिकाने तिसऱ्या महिन्यात तसं केलं. सरासरी क्लिक ४० वरून ३४ रुपयांवर आला. जाहिरात ५,८५० वेळा दिसली, इम्प्रेशन शेअर ६५ टक्के, बजेटमुळे हुकलेला १० टक्के, रँकमुळे हुकलेला २५ टक्के. क्लिक सुमारे ५२९, फोन ४९, एका फोनची किंमत ३६७ रुपये.

इथे बजेटचा आकडा २७ वरून १० वर आला, पण रँकचा १८ वरून २५ वर चढला. हे दोन आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत. बोली उतरली की क्लिक स्वस्त होतात, तेवढेच पैसे जास्त वेळ पुरतात, जाहिरात जास्त लिलावांत उतरते आणि त्यातल्या काहींत हरते. उलट दिशेनेही असंच घडतं. नुसतं बजेट वाढवलं की जिथे आधी जाहिरात उतरतच नव्हती त्या लिलावांत ती उतरते आणि काही ठिकाणी रँकवर मागे पडते. त्यामुळे बजेटने हुकलेला सगळा हिस्सा पैसे टाकून परत मिळेल असं धरू नका. वरचा ८५ भागिले ४० चा हिशेब ही जास्तीत जास्त शक्यता आहे, हमी नव्हे.

बोली उतरवणं प्रत्येक खात्यात सारख्याच पद्धतीने जमत नाही. हाताने बोली लावत असाल तर ती थेट कमी करता येते. ‘मॅक्सिमाइझ क्लिक्स’ असेल तर एका क्लिकची कमाल मर्यादा घालता येते. ‘मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स’ हे धोरण कोणत्याही लक्ष्याविना चालू असेल, तर यंत्रणा दिलेलं बजेट पूर्ण खर्च करण्याचाच प्रयत्न करते आणि बोली त्याप्रमाणे ठरवते. अशा वेळी बोलीची दोरी तुमच्या हातात यावी म्हणून एका फोनची लक्ष्य-किंमत, म्हणजे टार्गेट सीपीए द्या. मात्र ते आजच्या खर्चाच्या आसपासच ठेवा आणि हळूहळू खाली आणा. ४२९ वरून एकदम २०० केलं तर जाहिरात दिसणंच बंद पडण्याची भीती असते.

एका गोष्टीने घाबरू नका. ६०० रुपयांचं बजेट असताना एखाद्या दिवशी ९०० किंवा ११०० रुपये खर्च झालेले दिसतील. गूगल एका दिवशी रोजच्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, पण सर्वसाधारण महिन्याचा खर्च रोजच्या बजेटच्या ३०.४ पटींपुढे जाऊ देत नाही. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून बजेटचा निर्णय घेऊ नये. किमान दोन ते चार आठवड्यांचा काळ धरा.

क्वालिटी स्कोअर रँकच्या हिश्शाशी जोडून वाचा

आता रँकमुळे हुकलेल्या २५ टक्क्यांकडे वळू. ॲड रँक बोली आणि गुणवत्ता या दोन्हींवर ठरतो. शिवाय शोधणाऱ्याचं ठिकाण, वेळ, मोबाइल की संगणक, शोधलेले शब्द, त्या लिलावातली स्पर्धा आणि जाहिरातीला जोडलेली फोन नंबर, साइटलिंक अशी पूरक माहिती, हे सगळं त्यात धरलं जातं. बोली आपण मुद्दाम उतरवली आहे. मग गुणवत्तेत काही दोष आहे का, हे पाहायला क्वालिटी स्कोअर कामी येतो.

क्वालिटी स्कोअर कीवर्डला १ ते १० या मापावर मिळतो. कॅम्पेनचा किंवा खात्याचा असा स्कोअर नसतो, त्यामुळे सगळ्या कीवर्डची सरासरी काढून ‘आमचा स्कोअर ६.८ आहे’ असं सांगण्यात अर्थ नाही. दिवसाला एक क्लिक मिळणारा कीवर्ड आणि अर्धं बजेट खाणारा कीवर्ड त्या सरासरीत एकाच पंगतीत बसतात. खर्चाच्या उतरत्या क्रमाने कीवर्ड लावा आणि वरच्या पाच-सातांचेच स्कोअर पाहा. स्कोअरच्या जागी नुसती रेघ असेल तर तो कीवर्ड वाईट आहे असं नव्हे. त्या नेमक्या शब्दांचे पुरेसे शोध झाले नसले की स्कोअर दिला जात नाही.

प्रत्यक्ष लिलावात हा १ ते १० चा आकडा वापरला जात नाही. प्रत्येक शोधाच्या वेळी गुणवत्ता नव्याने जोखली जाते. स्कोअर हा फक्त निदानासाठी आहे. म्हणून ४ चा ७ करणं हे ध्येय ठेवू नका. त्याच्या मागचे तीन घटक वाचा, कारण दुरुस्ती कुठे करायची ते तेच सांगतात. हे घटक असे: जाहिरातीवर क्लिक होण्याची अपेक्षित शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाचा अनुभव. स्क्रीनवर यांची नावं `Exp. CTR`, `Ad relevance` आणि `Landing page exp.` अशी दिसतात. प्रत्येकाला `Above average`, `Average` किंवा `Below average` असा दर्जा मिळतो. ही तुलना गेल्या ९० दिवसांत त्याच कीवर्डसाठी ज्या इतरांच्या जाहिराती दिसल्या त्यांच्याशी असते. म्हणजे तुम्ही काहीही बिघडवलं नसलं तरी इतर सुधारले की तुमचा दर्जा घसरू शकतो.

आपल्या व्यावसायिकाच्या सर्वांत खर्चिक कीवर्डचा स्कोअर ४ आहे. अपेक्षित क्लिक सरासरी, जाहिरातीची जुळणी सरासरीखाली, पानाचा अनुभव सरासरीखाली. कारण शोधायला फार खोल जावं लागत नाही. टाकीच्या जोडीला तो सोफे आणि गालिचेही साफ करून देतो, आणि या सगळ्यांचे कीवर्ड त्याने एकाच ॲड ग्रुपमध्ये टाकले होते आणि जाहिरातीचं शीर्षक होतं ‘घराची संपूर्ण सफाई’. टाकीसाठी शोधणाऱ्याला त्या शीर्षकात टाकी दिसतच नव्हती. क्लिक केल्यावर उघडायचं वेबसाइटचं मुखपृष्ठ. त्यात सगळ्यांत वर सोफ्याचं मोठं छायाचित्र, टाकीची माहिती बऱ्याच खाली, आणि फोन नंबर चित्रात लिहिलेला, म्हणजे मोबाइलवर बोट लावून फोन लागत नव्हता.

दुरुस्ती त्याच क्रमाने झाली. टाकीचा वेगळा ॲड ग्रुप केला. शीर्षकांत ‘पाण्याची टाकी सफाई, पुणे’ आणि टाकीच्या लिटरप्रमाणे दर अशा नेमक्या गोष्टी आल्या. टाकीसाठी स्वतंत्र पान केलं. त्यात वरच दर, किती वेळ लागतो, गाळ कसा काढतात, टाकी पुन्हा कधी भरता येते याची माहिती दिली आणि बोट लावताच लागणारा फोन नंबर ठेवला. छायाचित्रं आकाराने हलकी करून घेतली, म्हणजे साध्या मोबाइलवरही पान चटकन उघडेल.

याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. कीवर्डच्या रिपोर्टमध्ये `Quality Score (hist.)` आणि तीन घटकांचे असेच जुने दर्जे दाखवणारे रकाने आहेत. ते दिवसांनुसार लावले की दुरुस्तीनंतर कोणता घटक कधी हलला ते दिसतं. आपल्या उदाहरणात पाचव्या महिन्यापर्यंत सरासरी क्लिक ३१ रुपयांवर आला. क्लिक ५८० च्या घरात, फोन ५४, एका फोनची किंमत ३३३ रुपये. इम्प्रेशन शेअर ६७ टक्के, रँकमुळे हुकलेला २५ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि बजेटमुळे हुकलेला १० वरून १५ टक्क्यांवर चढला.

हा शेवटचा आकडा पाहून पुष्कळजण गोंधळतात. काम सुधारलं तर बजेटचा हिस्सा वाईट का झाला? कारण जाहिरात आता अधिक लिलाव जिंकण्याच्या ताकदीची झाली आणि लोक तिच्यावर अधिक क्लिक करू लागले. जिंकण्याजोग्या संधी वाढल्या, खिसा तेवढाच राहिला. त्यामुळे बजेटमुळे हुकलेला हिस्सा वाढला की काही बिघडलंच असं समजू नये. शेजारी रँकचा हिस्सा उतरलेला आणि फोनची किंमत घटलेली असेल, तर ती प्रगतीची खूण आहे.

क्वालिटी स्कोअरची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. तो क्लिक आणि पानाबद्दल बोलतो, गिऱ्हाइकाबद्दल नाही. ‘टाकी साफ करण्याचे मशीन’ या कीवर्डवर मशीनची जाहिरात लिहिली आणि मशीनचं पान केलं, तर ९ स्कोअर मिळू शकेल, पण टाकी साफ करून देणाऱ्याला त्याचा काय उपयोग? उलट एखादा कीवर्ड ५ वर अडकलेला असूनही परवडणाऱ्या किमतीत फोन आणत असेल, तर तो बंद करू नका.

बेरीज करताना होणाऱ्या चुका

रिपोर्ट एक्सेलमध्ये उतरवून सरासरी काढणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. इम्प्रेशन शेअर दहा टक्क्यांखाली गेला की गूगल नेमका आकडा देत नाही, `< 10%` असं दाखवतं. हुकलेला हिस्सा नव्वदच्या वर गेला की `> 90%` दिसतं. हे १० किंवा ९० धरून हिशेब केला तर तो चुकतो. दुसरं, दोन कॅम्पेनच्या टक्केवारींची थेट सरासरी काढायची नसते. एका कॅम्पेनचा हिस्सा ९० टक्के आणि संधी १,०००, दुसऱ्याचा ३० टक्के आणि संधी ९,००० असेल, तर सरासरी ६० येते. खरा हिस्सा १०,००० संधींपैकी ३,६००, म्हणजे ३६ टक्के आहे.

असा फुगवटा सर्वांत जास्त स्वतःच्या नावाच्या कीवर्डमुळे येतो. तुमच्याच दुकानाचं नाव टाइप करणाऱ्यांना तुमची जाहिरात जवळपास प्रत्येक वेळी दिसते आणि स्कोअरही उत्तम असतो. ते शोध इतरांमध्ये मिसळले की सगळा रिपोर्ट गोजिरा दिसतो. नावाचे कीवर्ड वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेवा आणि वेगळे वाचा. बजेटमुळे हुकलेला हिस्सा कॅम्पेनच्या पातळीवरच मिळतो, म्हणूनही ही विभागणी गरजेची आहे. एकाच कॅम्पेनमध्ये सगळं कोंबलं तर नेमकं कशाचं बजेट कमी पडतंय ते कळणार नाही.

मग बजेट कधी वाढवायचं?

आपल्या व्यावसायिकाचा फोन आता ३३३ रुपयांना पडतोय, परवडतात ४५०, आणि १५ टक्के संधी बजेटने हुकताहेत. आता बजेट वाढवून पाहायला हरकत नाही. ६०० गुणिले ८२ भागिले ६७ केलं की ७३४ येतात, म्हणून त्याने रोजचे ७३० केले. महिन्याला ३,९०० रुपये वाढले. महिनाअखेर फोन ५४ चे ६१ झाले. एकूण २१,९०० रुपयांत ६१ फोन, म्हणजे सरासरी ३५९ रुपये. मर्यादेच्या आत आहे, असं वाटेल.

पण सरासरी इथे फसवते. वाढवलेल्या ३,९०० रुपयांत वाढलेले फोन सातच. म्हणजे नव्या प्रत्येक फोनला ५५७ रुपये पडले आणि ही किंमत मर्यादेबाहेर आहे. बजेट वाढवल्यावर पाहायचा आकडा हाच: वाढीव खर्च भागिले वाढीव फोन. सात फोनांत योगायोगाचाही भाग असतो, म्हणून आणखी एक महिना जाऊ द्यावा आणि तोवर कारण शोधावं. तासांनुसार रिपोर्ट लावल्यावर दिसलं की वाढीव क्लिक बहुतेक रात्री आठनंतरचे होते आणि त्या वेळी फोन उचलायला कुणी नसे. ॲड शेड्यूलमध्ये सकाळी आठ ते रात्री आठ एवढीच वेळ ठेवली आणि बजेट पुन्हा ६०० वर आणलं. रात्रीच्या संधी छेदातून गेल्या आणि तेच पैसे दिवसाच्या शोधांकडे वळले.

पावसाळ्याच्या तोंडावर हाच हिशेब वेगळा निघू शकतो. टाकी साफ करून घेणाऱ्यांचे शोध वाढले की एकूण संधी वाढतात आणि खात्यात काहीही न बदलता इम्प्रेशन शेअर घसरतो, बजेटमुळे हुकलेला हिस्सा चढतो. तेव्हा भागाकार करून संधी खरंच वाढल्या का ते पाहायचं, सर्च टर्म पुन्हा एकदा चाळायच्या, दिवसा फोन उचलायला आणि कामाला माणसं पुरेशी आहेत याची खात्री करायची, आणि मग बजेट वाढवायचं. दोन आठवड्यांनी वाढीव खर्चाला वाढीव फोनने भागायचं. उत्तर ४५० च्या आत आलं तर आणखी वाढवा. बाहेर गेलं तर तिथेच थांबा आणि बजेटमुळे हुकलेला उरलेला हिस्सा खुशाल हुकू द्या.